पॅरिसच्या वर्गात धर्मसिद्धांताची मांडणी कशी झाली

‘स्कोलॅस्टिक’, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठी, विचारवंतांबद्दल वाचताना सगळीकडे एकच वाक्य भेटतं: त्यांनी श्रद्धा आणि तर्क यांची सांगड घातली. पण म्हणजे ही माणसं रोज नक्की करायची काय? तर्काने धर्मसिद्धांताची ‘व्यवस्था’ लावली, म्हणजे काय लावलं? आणि त्याला विद्यापीठ कशाला लागलं? मठात बसून जमलं नसतं का?

---

वाद घालायची. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या क्रमाने, वर्गभर लोकांच्या देखत. मध्ययुगीन तत्त्वज्ञान शिकवायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. दर वर्षी पहिल्या तासाला मी हेच सांगतो, की ‘सांगड’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. दोन मोठ्या गोष्टी कुणीतरी शांतपणे जुळवल्या असं चित्र त्याने डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात जे होतं ते एक वर्गातलं काम होतं. त्याला साचा होता, नियम होते, आणि चुकलात तर अडवणारे लोक समोर बसलेले होते. हा साचा काय करतो ते दाखवायला मी एकच प्रश्न शेवटपर्यंत नेणार आहे, तो परमप्रसादाचा. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भाकर ‘ख्रिस्ताचं शरीर होते’ म्हणजे नेमकं काय होतं?

आधी अडचण समजून घ्या. बाराव्या शतकातल्या शिक्षकाकडे बायबल होतं आणि हजारेक वर्षांत साठलेली धर्मपित्यांची वचनं होती. ऑगस्टीन, अँब्रोझ, जेरोम, ग्रेगरी ही सगळी मान्यवर मंडळी. पंचाईत अशी की मान्यवर एकमेकांशी जुळत नसत. अँब्रोझ म्हणतो, आशीर्वादाच्या शब्दांपूर्वी ती भाकर असते, शब्दांनंतर ख्रिस्ताचं शरीर. ऑगस्टीन योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचन देताना म्हणतो, दात आणि पोट कशाला तयार ठेवतोस? विश्वास ठेव, म्हणजे तू खाल्लंसच. दोघेही संत आणि दोघेही प्रमाण. एक म्हणतो पदार्थच बदलला, दुसऱ्याचा सूर असा की खरं खाणं आत, मनात होतं. आता वर्गात काय शिकवायचं?

पीटर आबेलार या फ्रेंच शिक्षकाने 1120 च्या दशकात ‘सिक एत नॉन’, म्हणजे ‘हो आणि नाही’, या नावाचं एक विलक्षण पुस्तक जुळवलं. त्यात 158 प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली दोन्ही बाजूंची वचनं समोरासमोर ठेवली आहेत. परमप्रसादाचा प्रश्नही त्यात आहे. उत्तर मात्र एकाही प्रश्नाचं दिलेलं नाही. वाचून विद्यार्थी चिडतात, याचा उपयोग काय म्हणतात. उपयोग प्रस्तावनेत आहे. दोन वचनं भांडताना दिसली तर काय तपासायचं ते तिथे आबेलार सांगतो. नकलकाराची चूक आहे का? वचन खरंच त्या संताचं आहे, की त्याच्या नावावर खपवलेलं? संताने पुढे स्वतःच ते मत मागे घेतलं होतं का? (ऑगस्टीनने म्हातारपणी आपल्या चुकांची उजळणी करणारं एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे हा प्रश्न पोकळ नव्हता.) तो दुसऱ्या कुणाचं मत सांगत होता का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकच शब्द दोघांनी वेगळ्या अर्थाने वापरला आहे का? बहुतेक भांडणं इथेच मिटतात, असं त्याचं म्हणणं. एवढं करूनही विरोध उरला, तर ज्याचा अधिकार मोठा त्याचं मानावं.

हा शेवटून दुसरा नियम, शब्दाचे अर्थ वेगळे काढण्याचा, पुढच्या दीडशे वर्षांचं मुख्य हत्यार झाला. लॅटिनमध्ये त्याला ‘दिस्तिंक्तियो’ म्हणतात. आपण त्याला भेद म्हणू. ‘एका अर्थाने हो, दुसऱ्या अर्थाने नाही.’ आज ‘स्कोलॅस्टिक’ म्हटलं की शब्दांचा कीस काढणारे लोक आठवतात ते यामुळेच. पण सातशे वर्षांचा अंतर्विरोध समोर पडलेला असताना कीस काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आबेलारने प्रश्न मांडले, पण त्यांना क्रम नव्हता. तो पीटर लोंबार्डने दिला. हा पॅरिसच्या कॅथेड्रलच्या शाळेतला शिक्षक होता, 1159 मध्ये तिथलाच बिशप झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. 1150 च्या दशकात त्याने ‘सेंतेंत्सिए’, म्हणजे ‘मतं’, हे चार भागांचं पुस्तक पुरं केलं. पहिल्या भागात देव आणि त्याचं पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य, दुसऱ्यात सृष्टी आणि पाप, तिसऱ्यात देहधारण आणि सद्गुण, चौथ्यात संस्कार आणि अंतकाळ. मांडणीचा धागा ऑगस्टीनकडून घेतलेला. सगळं शिक्षण एकतर वस्तूंबद्दल असतं नाहीतर चिन्हांबद्दल, म्हणून पहिले तीन भाग वस्तूंचे आणि चौथा चिन्हांचा. पुस्तक तसं रूक्षच आहे. वाचताना झोप येते, हे मी अनुभवाने सांगतो.

पण क्रम लावल्याने काय फरक पडतो ते संस्कारांच्या यादीत दिसतं. ‘साक्रामेंतुम’ हा शब्द त्याआधी फार सैल होता. पवित्र पाण्यापासून राजाच्या अभिषेकापर्यंत काय काय त्यात जायचं, आणि कुणाची यादी डझनाची तर कुणाची त्याहून लांब असायची. लोंबार्डने आधी व्याख्या बांधली: जे चिन्ह नुसतं कृपा दाखवत नाही, ती घडवूनही आणतं, तोच संस्कार. मग त्या चाळणीतून यादी गाळली. बाप्तिस्मा, दृढीकरण, परमप्रसाद, प्रायश्चित्त, अंत्याभ्यंग, दीक्षा आणि विवाह, असे सात उरले. आज वसईतल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच सात पाठ करावे लागतात. यादी वर्गातल्या एका व्याख्येतून स्थिरावली. व्यवस्था लावणं म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता तुमच्या विद्यापीठाच्या प्रश्नाकडे येतो. मठातही विद्वान होतेच. पण मठातलं वाचन म्हणजे धर्मग्रंथ हळूहळू, चघळत, प्रार्थनेच्या सुरात वाचणं. तिथे शेजारचा साधू उठून ‘हे चूक आहे, कारण दे’ असं म्हणत नाही, आणि म्हटलं तर ते उद्धटपणाचं ठरतं. क्लेअरव्होचा बर्नार्ड हा त्या काळातला मठांचा सर्वांत मोठा आवाज, आणि आबेलारचा सर्वांत कडवा विरोधक तोच. साँस इथल्या धर्मसभेत आबेलार आला तो खुला वाद होईल या अपेक्षेने. बर्नार्डने आधीच त्याच्या विधानांची यादी करून बिशपांची मनं तयार केली होती. वाद झालाच नाही. आबेलारने थेट रोमकडे दाद मागितली आणि तिथेही तो हरला. दोन माणसांचा झगडा म्हणून ही गोष्ट रंगवून सांगतात. मला त्यात दोन कामाच्या पद्धती दिसतात: एकीला वाद म्हणजे सत्याकडे जायची वाट वाटते, दुसरीला तो श्रद्धेचा अपमान वाटतो.

विद्यापीठाने पहिल्या पद्धतीला घर दिलं. ‘उनिव्हेर्सितास’ या शब्दाचा मूळ अर्थ संघ, कारागिरांची श्रेणी असते तसा. पॅरिसमध्ये शिक्षकांनी आपली श्रेणी बांधली. राजाने 1200 मध्ये सनद दिली आणि पोपचा प्रतिनिधी रोबेर द कूरसों याने 1215 मध्ये नियम घालून दिले. त्यांत होतं, की पस्तिशीच्या आत कुणी धर्मशास्त्र शिकवू नये, आणि किमान आठ वर्षं अभ्यास झालेला असावा. (थॉमस अक्वायनस एकतिसाव्या वर्षी आचार्य झाला, खास सवलत मिळवून.) आधी कला शाखेत तर्कशास्त्र घटवल्याशिवाय धर्मशास्त्राच्या वर्गात पाऊल टाकता येत नसे. म्हणजे तिथे बसलेला प्रत्येक जण अनुमान कुठे फसतं हे ओळखायला आधीच शिकलेला असे. त्याच्या थोडं आधी ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांतले उरलेले भागही लॅटिनमध्ये आले होते. सिद्धता कशी द्यायची, वाद कसा चालवायचा, हेत्वाभास कसे पकडायचे, हे सगळं त्यांत होतं.

श्रेणीच्या हातात ताकद किती होती ते 1229 मध्ये कळलं. आधी दारूच्या गुत्त्यात बिलावरून मारामारी झाली, मग दंगल उसळली, आणि शहराच्या शिपायांनी काही विद्यार्थी मारले. शिक्षकांनी वर्ग बंद केले आणि शहरच सोडलं. दोन वर्षं पॅरिस ओस होतं. 1231 मध्ये पोप नववा ग्रेगरी याने अधिकारपत्र देऊन त्यांना परत आणलं आणि स्वतःचे नियम स्वतः करायचा हक्क मान्य केला.

1220 च्या दशकात हेल्सचा अलेक्झांडर या इंग्रज शिक्षकाने एक साधी गोष्ट केली. बायबलऐवजी लोंबार्डचं पुस्तक हाती धरून तो शिकवू लागला. ही प्रथा रुळली, आणि पुढे धर्मशास्त्राचा आचार्य व्हायचं तर लोंबार्डवर व्याख्यानं देणं सक्तीचं झालं. आबेलार आणि लोंबार्ड यांच्या मेहनतीचं सार्वत्रिक व्यवस्थेत रूपांतर झालं ते इथे. बोनाव्हेन्तुरा, थॉमस, स्कोटस, ऑकम या पुढच्या सगळ्या विचारवंतांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने सोडवले. त्यामुळे कोण कुठे वेगळा गेला ते एका नजरेत कळतं. लोंबार्डला कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं. आपल्यातलं प्रेम म्हणजे साक्षात पवित्र आत्माच, असं त्याचं मत होतं. ते बहुतेकांनी नाकारलं, आणि ‘इथे गुरूचं मत मानलं जात नाही’ अशा जागांच्या याद्या वर्गात फिरू लागल्या. पाठ्यपुस्तक सगळ्यांचं एकच आणि त्याच्याशी भांडायची मुभाही सगळ्यांना, हे जमायला विद्यापीठच लागतं. 1509 मध्ये एर्फुर्टला तरुण मार्टिन लूथरसुद्धा लोंबार्डवरच व्याख्यानं देत होता.

व्याख्यानं सकाळची. खरी कसोटी वादसभेची, ‘दिस्पुतात्सियो’ची. आचार्य आधी प्रश्न जाहीर करी, आणि त्या दिवशी इतर वर्ग बंद राहत. उत्तर देण्याची जबाबदारी आचार्याच्या हाताखालच्या पदवीधरावर असे. इतर आचार्य, पदवीधर, विद्यार्थी त्याच्यावर आक्षेप टाकत, तो एकेक परतवत जाई. दिवसाच्या शेवटी आक्षेपांचा आणि उत्तरांचा नुसता ढीग झालेला असे. पुढच्या दिवशी आचार्य एकटा उभा राही, ढीग क्रमाने लावी, आपला निर्णय देई आणि मग प्रत्येक आक्षेपाचा निकाल लावी. हा ‘निर्णय’ देण्याचा अधिकार आचार्यालाच. वर्षातून दोनदा, नाताळाआधी आणि उपवासकाळात, खुल्या सभा होत. तिथे कुणीही कुठलाही प्रश्न विचारू शके, आणि तिथे उभं राहायची हिंमत सगळ्यांची होत नसे. टिपणं घेतली जात, आचार्य ती तपासून देई. मग पुस्तकविक्रेते त्या प्रतीचे सुटे गठ्ठे विद्यापीठाने ठरवलेल्या दराने भाड्याने देत, आणि विद्यार्थी एकेक गठ्ठा नेऊन नक्कल करून घेत.

आता आपला प्रश्न या यंत्रातून जाताना पाहू.

अकराव्या शतकात तूरच्या शाळेचा बेरेंगार याने व्याकरणातून एक अडचण काढली. ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्यात ‘हे’ म्हणजे भाकर. वाक्य खरं ठरायचं तर त्याचा उद्देश्य शाबूत हवा. वाक्य बोलता बोलता भाकरच नाहीशी झाली, तर वाक्य कशाबद्दल आहे? म्हणून भाकर भाकरच राहते, आणि शरीर तिथे चिन्हरूपाने येतं. रोम हादरलं. 1059 मध्ये त्याच्याकडून एक शपथ वदवून घेतली गेली. कार्डिनल हुंबर्टने ती लिहिली होती, आणि भाषा अगदी ठोकळेबाज: ख्रिस्ताचं खरं शरीर धर्मगुरूच्या हातांनी मोडलं जातं आणि भाविकांच्या दातांनी चावलं जातं. ऑगस्टीनचे ते दात आठवतात ना? तेच इथे उलट बाजूने आले. बेरेंगार परत फिरला, आणि 1079 मध्ये दुसरी शपथ झाली. यावेळी शब्द बदलला होता: भाकर ‘द्रव्यतः’ बदलते. दातांऐवजी द्रव्य आलं, म्हणजे भाषा खाटकाच्या दुकानातून तर्कशास्त्राच्या वर्गात आली. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने त्यासाठी ‘द्रव्यांतर’ या अर्थाचा शब्द अधिकृतपणे वापरला. पण परिषदेने दिला तो फक्त शब्द. द्रव्य म्हणजे काय, ते कसं बदलतं, हे वर्गाने शोधायचं होतं.

साधन ॲरिस्टॉटलच्या ‘पदार्थ’ या तर्कग्रंथातून आलं. द्रव्य म्हणजे स्वतःच्या पायावर उभी असलेली वस्तू: हा घोडा, ही भाकर. आगंतुक धर्म म्हणजे जे दुसऱ्यात राहतं: पांढरेपणा, गोलपणा, चव, वजन. पांढरेपणा एकटा रस्त्याने चालत नाही, काहीतरी पांढरं असावं लागतं. आता बदल द्रव्याचा झाला आणि डोळ्यांना भाकरच दिसते आहे, म्हणजे धर्म तेच राहिले. मग ते राहतात कशात? भाकर तर उरली नाही. पांढरेपणाचा आधार कोणता?

थॉमसने आपल्या ‘सुम्मा थेओलोगिए’ या धर्मशास्त्राच्या सारग्रंथाच्या तिसऱ्या भागात, 77 व्या प्रश्नात, हे 1273 च्या सुमारास हाताळलं. साचा वादसभेचाच, फक्त कागदावर उतरवलेला. पहिली ओळ: ‘आधाराशिवाय आगंतुक धर्म राहतात का?’ दुसरी: ‘राहत नाहीत असं दिसतं, कारण...’ आणि आक्षेप सुरू. एक आक्षेप नीतीचा आहे: धर्म हे द्रव्याची खूण असतात. खूण ठेवून द्रव्य काढून घेतलं, तर सत्याच्या संस्कारात फसवणूक झाली. दुसरा तर्काचा, आणि तो जास्त टोचतो: वस्तूपासून तिची व्याख्या चमत्कारानेही वेगळी करता येत नाही. ‘दुसऱ्यात असणं’ हीच धर्माची व्याख्या. आधाराशिवाय उभा राहिलेला धर्म म्हणजे मग द्रव्यच झालं, आणि देवालासुद्धा व्याघात, म्हणजे स्वतःच्याच विरोधात जाणारी गोष्ट, घडवता येत नाही.

थॉमस आधी शक्यता छाटतो. हे धर्म भाकरीच्या द्रव्यात नाहीत, कारण ते गेलं. ख्रिस्ताच्या शरीरात नाहीत, कारण मानवी शरीराला भाकरीचा गोलपणा चिकटू शकत नाही. भोवतालच्या हवेतही नाहीत, हवा पांढरी होत नाही. तेव्हा ते आधाराशिवायच आहेत. हे शक्य कसं? कार्य जवळच्या कारणापेक्षा मूळ कारणावर जास्त अवलंबून असतं. द्रव्य जे काम मधल्या हाताने करत होतं, ते देव थेट करू शकतो. मग तो व्याख्येच्या आक्षेपाकडे वळतो, आणि इथे भेदाचं हत्यार निघतं. धर्माची व्याख्या ‘दुसऱ्यात असणं’ ही नाहीच, तो म्हणतो. व्याख्या अशी: ‘दुसऱ्यात असणं ज्याच्या स्वभावाला साजतं, ते’. स्वभाव आणि प्रत्यक्ष असणं वेगळं. वर उचलून धरलेला दगड पडत नाही, तरी पडण्याचा स्वभाव त्याने सोडलेला नसतो. (दगडाची उपमा माझी, वर्गात ती चालते.) व्याघात टळला.

आमच्याकडे न्याय-वैशेषिक शिकून आलेले विद्यार्थी इथे हमखास हात वर करतात. त्यांच्या दर्शनात उत्पत्तीच्या पहिल्या क्षणी द्रव्य गुणांशिवाय राहू शकतं, पण द्रव्यावाचून गुण कधीच नाही. म्हणजे थॉमसने नेमकी तीच बाजू मोकळी सोडली जी त्यांनी बंद ठेवली. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धांत या आपल्या शब्दांनी ‘सुम्मा’चं पान वाचता येतं, आणि मीमांसेचं अधिकरण माहीत असेल तर फारच सोपं जातं. मात्र त्यावरून कुणी कुणाकडून घेतलं असले निष्कर्ष काढू नका.

पुढची पायरी मला सर्वांत हुशारीची वाटते. धर्म आधाराशिवाय राहतात हे मान्य केलं, तर प्रत्येक धर्मासाठी वेगळा चमत्कार लागेल का? थॉमस म्हणतो, नाही. आधाराशिवाय राहतं ते फक्त परिमाण, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी. रंग, चव, वास त्या परिमाणावर बसलेले असतात, जसे एरवीही पृष्ठभागावर बसतात. चमत्कार एकाच जागी, बाकी निसर्गनियमाने. मग वर्गातले खट्याळ प्रश्न येतात, आणि तो त्यांनाही टाळत नाही. प्रसाद कुजला, कीड लागली, जळून राख झाली, तर ती राख कशातून आली? खाल्ल्यावर पोषण कशाचं होतं? उत्तर: त्या परिमाणाला द्रव्याच्या उपादानाचं, म्हणजे ज्यातून वस्तू घडते त्या साहित्याचं, काम करायची शक्ती आशीर्वादाच्या वेळीच दिलेली असते.

आणि बेरेंगारची ती पहिली शपथ? ती दरम्यान कायद्याच्या संग्रहात आणि लोंबार्डच्या पुस्तकात जाऊन बसली होती. पोपसमोर घेतलेली शपथ, तिला चूक म्हणता येईना. त्याच 77 व्या प्रश्नाच्या सातव्या कलमात ती आक्षेप म्हणून येते, आणि थॉमस दोन वाक्यांत तिचा निकाल लावतो: मोडणं आणि दातांनी चावणं हे दृश्य रूपाला लागू समजायचं, ज्या रूपाखाली शरीर खरंच आहे. शरीर स्वतः मोडत नाही. शब्द कायम, अर्थ पूर्ण वेगळा. ऑगस्टीनचे दात आणि हुंबर्टचे दात एकाच पानावर नांदू लागले. दोनशे वर्षांपूर्वीच्या अवघड वचनाला रद्द न करता घरात जागा करून देणं, हेच तुम्ही ज्याला ‘व्यवस्था’ म्हणता ते.

‘सुम्मा’ वाचायला घेणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवतो. पान ‘असं दिसतं की’ने सुरू होतं आणि तिथे जे लिहिलंय ते थॉमसचं मत नव्हे, आक्षेपकाचं आहे. तरी दर वर्षी एखाद्या निबंधात ‘थॉमस म्हणतो’ असं लिहून नेमकं ते वाक्य उचललेलं असतं. ‘पण याविरुद्ध’ या शब्दांनंतरचं वचनही अजून त्याचं उत्तर नाही, ते नुसतं तराजूचं दुसरं पारडं. ‘मी उत्तर देतो की’ इथून पुढे तो स्वतः बोलतो. बरेचदा मात्र त्याच्या विचाराचा बारीक धागा मुख्य उत्तरात सापडत नाही, शेवटच्या आक्षेपांच्या उत्तरांत सापडतो. वरचा व्याख्येचा भेद तिथलाच. उद्धरण तपासताना ‘आक्षेप’ आणि ‘उत्तर’ यांचे आकडे पाहा, चूक लगेच पकडता येते.

या यंत्राला मर्यादा होत्या, आणि त्यातल्या काही त्यांनी स्वतःच आखल्या. त्रैक्य तर्काने सिद्ध होत नाही, हे थॉमस स्पष्ट लिहितो. जगाला काळात आरंभ होता हेही नाही, ते श्रद्धेनेच मानायचं. लंगड्या युक्तिवादांनी सिद्ध करायला गेलात तर अश्रद्धांना हसायला निमित्त मिळेल, आम्ही याच कारणांवर विश्वास ठेवतो असं त्यांना वाटेल. तर्काचं काम इथे आक्षेप परतवण्यापुरतं, म्हणजे सिद्धांतात व्याघात नाही एवढं दाखवण्यापुरतं.

दुसरी मर्यादा बाहेरून आली. कला शाखेतले काही शिक्षक ॲरिस्टॉटल त्याच्याच शर्तींवर शिकवत होते, आणि त्याच्या शर्तींवर आधारहीन धर्म हा निव्वळ व्याघात. 7 मार्च 1277 ला पॅरिसचा बिशप एत्येन ताँप्ये याने 219 विधानांवर बंदी घातली. त्यातली चार आपल्या प्रश्नावरची आहेत: देवाला आधाराशिवाय धर्म ठेवता येत नाही, असं म्हणणारी. वादाला कुंपण पडलं. त्याचा उलटा परिणामही झाला. देवाला व्याघाताखेरीज काहीही अशक्य नाही असं एकदा ठरल्यावर, नक्की कशात व्याघात आहे हे तपासण्याचं वेड पुढच्या पिढीला लागलं. स्कोटस म्हणाला, भाकर राहिली आणि शरीरही आलं असं मानणं बुद्धीला सोपं गेलं असतं, पण चर्चने दुसरं ठरवलं आहे, तेव्हा ते मानू. ऑकमने तर थॉमसचा खांबच काढून घेतला: परिमाण ही द्रव्य आणि गुणांहून वेगळी वस्तूच नाही, मग रंग आणि चव बसवायच्या कशावर? सिद्धांत तोच राहिला, त्याखालचा सांगाडा दर पिढीत बदलला. म्हणून मी ‘व्यवस्था’ हा शब्द अनेकवचनात वापरतो.

शेवटी ‘सुम्मा’च्या प्रस्तावनेकडे बोट दाखवतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थॉमसने स्वतः तिथे दिलंय. नवशिक्यांना त्रास कशाचा होतो? निरुपयोगी प्रश्नांच्या गर्दीचा, पुन्हा पुन्हा तेच ऐकण्याचा, आणि विषय ज्ञानाच्या क्रमाने न येता हातातल्या पुस्तकाच्या किंवा वादाच्या निमित्ताने येतात याचा. ही शिक्षकाची तक्रार आहे. त्या तक्रारीतून 512 प्रश्नांची रचना उभी राहिली, देवापासून निघून सृष्टी आणि माणसाच्या कर्मांतून ख्रिस्तामार्गे परत देवाकडे जाणारी. ती पुरी झाली नाही. 6 डिसेंबर 1273 ला मिस्सा आटोपल्यावर त्याने लिहिणं थांबवलं. आपण पाहिलं त्यापुढे हे सगळं लिहिलेलं आपल्याला गवतकाडीसारखं वाटतं, असं तो सोबत्याला म्हणाला. तेव्हा प्रायश्चित्त-संस्काराचं प्रकरण चालू होतं. तीन महिन्यांनी तो गेला. उरलेले संस्कार आणि अंतकाळ त्याच्या शिष्यांनी भरून काढले, ते त्याने विशीत-तिशीत पॅरिसला पदवीसाठी लोंबार्डवर दिलेल्या व्याख्यानांतून कापून.